चित्र तेच, आवाज नवा: व्हिडिओवर निवेदन पुन्हा कसं बसवायचं

दापोलीजवळ आमच्या काकांची छोटी रोपवाटिका आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आंब्याचं कोय कलम कसं बांधायचं ते दाखवलं आणि मी फोनवर चित्रण केलं. शेडनेटमधून पाणी ठिबकत होतं, म्हणून फोन तीन मीटर लांब, पत्र्याच्या पडवीत तिवईवर ठेवला आणि झूम करून काकांचे हात चौकटीत आणले. घरी येऊन पाहिलं तर चित्र लख्ख. चाकूचं पातं, खोडातली चीर, तांबूस कोवळी पानं, सगळं स्वच्छ. आवाज मात्र पत्र्यावरच्या पावसाचा. त्याच्या मागे कुठेतरी काका बोलत होते.

पुन्हा चित्रण करणं शक्य नव्हतं. कोय कलमासाठी रोप दहा-पंधरा दिवसांचं लागतं, पानं तांबूस आणि खोड कोवळं असतानाच. त्या खेपेची सगळी रोपं बांधून झाली होती. म्हणजे चित्र आहे ते ठेवायचं आणि आवाज नवा करून त्यावर बसवायचा, एवढाच मार्ग उरला. तीन मिनिटं पन्नास सेकंदांच्या त्या व्हिडिओवर हे काम करताना जे कळलं ते सांगतो. यातलं सॉफ्टवेअर कमी आणि कागद-पेन्सिल जास्त, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी एक खात्री करून घ्या: जुना आवाज खरंच गेलाय का? पंख्याची घरघर किंवा फ्रीजचा गुणगुणाट असा एकसुरी आवाज असेल तर तो बराचसा काढता येतो, कारण तो ठरावीक पट्ट्यात असतो आणि सतत सारखाच असतो. पावसाचं तसं नाही. तो खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, माणसाचा आवाज जिथे असतो तिथेही. तो काढायला गेलं की त्याच्याबरोबर काकांचे स, श, च हेही जातात आणि उरलेला आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा गुळगुळीत होतो. मी प्रयत्न करून पाहिला, दहा मिनिटांत सोडून दिला. माइकवर आदळणारा वारा आणि फाटलेला आवाज यांचंही तेच. आवाजाची लाट वरून कापली गेली की कापलेला भाग कुठेच नोंदलेला नसतो. तो परत आणणार कुठून?

दोष फोनचा नव्हता, अंतराचा होता. उघड्यावर माइकचं अंतर दुप्पट केलं की बोलण्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरतो, पण डोक्यावरच्या पत्र्यावरचा पाऊस तेवढाच राहतो. तेच उलटं वापरायचं. तीन मीटरवरून माइक वीतभर अंतरावर, म्हणजे वीस सेंटीमीटरवर आणला, तर अंतर पंधरा पटीनं कमी झालं आणि काकांचा आवाज भोवतालच्या गोंगाटाच्या तुलनेत सुमारे तेवीस डेसिबलनं वर आला. त्यामुळे नवीन निवेदनासाठी मी तोच फोन वापरला. नवीन माइक विकत घ्यायला हरकत नाही, पण तो तीन मीटरवर ठेवलात तर पुन्हा पाऊसच ऐकू येईल.

आता एक अडचण, जी मला फार उशिरा कळली. फोन जे चित्रण करतो त्यात प्रत्येक सेकंदाला चौकटींची, म्हणजे फ्रेम्सची, संख्या सारखी नसते. उजेड कमी झाला, फोन तापला, की तो कधी तीस चौकटी घेतो, कधी अठ्ठावीस. फोनवर पाहताना काही जाणवत नाही, कारण प्रत्येक चौकटीबरोबर तिची वेळ नोंदलेली असते. पण संपादनाची काही सॉफ्टवेअर ठरावीक वेग गृहीत धरतात आणि मग चित्र हळूहळू सरकत जातं. मी फोनवर बघून वहीत वेळा लिहिल्या, संगणकावर उघडलं, तर सुरुवातीच्या वेळा जुळत होत्या आणि शेवटच्या अर्ध्या सेकंदानं चुकत होत्या. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे. चूक सुरुवातीला आणि शेवटी सारखीच असेल तर पूर्ण ट्रॅक पुढे-मागे सरकवला की झालं. चूक वाढत जात असेल तर वेगाचा घोळ आहे आणि सरकवून काही होणार नाही. `MediaInfo` या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की `Frame rate mode: Variable` असं दिसतं. तसं दिसलं तर बाकी काही करण्याआधी फाइल एकसारख्या वेगाची करून घ्या आणि तिच्यातून जुना आवाज वेगळा काढा. त्यासाठी संगणकाच्या टर्मिनलमध्ये `ffmpeg` या प्रोग्रॅमला दोन आज्ञा द्यायच्या:

```
ffmpeg -i kalam.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac kalam30.mp4
ffmpeg -i kalam30.mp4 -vn -ac 1 -ar 48000 guide.wav
```

तो जुना आवाज फेकायचा नाही. कितीही खराब असला तरी काका कुठल्या क्षणी काय बोलले याची तीच एकमेव नोंद आहे. आमच्या कामात तिला गाइड ट्रॅक म्हणतात. शेवटी ती बंद करायची, पण तोवर सगळं तिच्याच आधारानं चालतं.

यानंतर व्हिडिओ दोन भागांत वाटून घेतला. पहिली अठरा सेकंदं काका कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, ओठ दिसतात. बाकी सगळ्या वेळात फक्त हात दिसतात. हे दोन्ही भाग म्हणजे दोन निराळी कामं आहेत. ओठ दिसतात तिथे जे बोललं गेलं तेच, त्याच लयीत पुन्हा बोलावं लागतं. हात दिसतात तिथे काय बोलायचं ते तुम्ही नव्यानं ठरवू शकता, फक्त ते हातांच्या वेळेत बसलं पाहिजे. मधे एकदा, दोन मिनिटं एकतीस सेकंदांवर, काका वाकतात आणि त्यांची हनुवटी व खालचा ओठ चौकटीत येतो. तेवढं चित्र दहा टक्क्यांनी मोठं करून ओठ चौकटीबाहेर घालवला आणि फाइल पुन्हा `kalam30.mp4` याच नावानं जतन केली. अशी सोय असेल तिथे डबिंगच्या वाटेला जाऊच नये.

हातांचा भाग मोठा, म्हणून तो आधी घेऊ. बहुतेकजण इथे चूक करतात ती अशी: छान संहिता लिहितात, एका दमात रेकॉर्ड करतात आणि मग ती चित्राखाली ठेवून ओढाताण सुरू करतात. सुरुवातीची तीस सेकंदं जमतात, मग आवाज पुढे धावतो किंवा मागे पडतो. त्याऐवजी चित्र आधी आणि वाक्य नंतर. मी व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला आणि हात काहीतरी नवीन करू लागले की ती वेळ लिहिली. काकांच्या व्हिडिओत अशा सव्वीस जागा निघाल्या: रोप हातात घेतलं, शेंडा उडवला, चीर दिली, काडी उचलली, पाचर तासली, पाचर चिरेत बसवली, पट्टी गुंडाळली. या झाल्या खुंट्या. निवेदन या खुंट्यांवर टांगायचं.

मग दुसरं माप, बोलण्याच्या वेगाचं. शब्द मोजून उपयोग होत नाही. ‘चीर’ हाही एक शब्द आणि ‘राहिलेल्या’ हाही. मी ठोके मोजतो, म्हणजे तोंडातून जितके तुकडे पडतात तितके. ‘कापायचा’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना तीन ठोके: का, पाय, चा. काकांना एक मिनिट सहज बोलायला लावलं आणि मोजलं तर सुमारे तीनशे ठोके निघाले, म्हणजे सेकंदाला पाच. तुमचं माप निराळं निघेल, मी सेकंदाला सहाच्या वर जातो. ज्याचा आवाज वापरायचा त्याचंच माप घ्या.

आता एक जागा नीट बघू. एक मिनिट बारा सेकंदांपासून पुढची नऊ सेकंदं. पहिली दोन सेकंदं काका रोप नुसतं धरून असतात, दुसऱ्या सेकंदाला शेंडा उडवतात, चौथ्या सेकंदाला चाकू खोडाच्या माथ्यावर टेकवतात आणि आठव्यापर्यंत चीर पूर्ण होते. मी आधी लिहिलेलं वाक्य असं होतं:

‘आता या रोपाचा शेंडा कापायचा आणि राहिलेल्या खोडाच्या बरोबर मधोमध, साधारण तीन ते चार सेंटीमीटर खोल, उभी चीर द्यायची.’

बेचाळीस ठोके. पाचच्या वेगानं साडेआठ सेकंद. नऊ सेकंदांची जागा, म्हणजे वर वर बघता बसतं. पण लावून पाहिलं तर सगळं बिनसलेलं. ‘चीर’ हा शब्द चाळिसावा ठोका आहे, म्हणजे तो आठव्या सेकंदाला येतो, आणि तोवर चीर देऊन चाकू बाहेर निघालेला असतो. लांबी बसली, पण खुंटी चुकली.

यात मराठीचा एक स्वभाव आडवा येतो. आपलं क्रियापद शेवटी. ‘अमक्याचं तमकं, अशा अशा रीतीनं, इतकं इतकं’ करत करत आपण ‘द्यायची’, ‘कापायचा’, ‘बांधायची’ यावर येतो. गोष्ट सांगताना त्यात मजा आहे. हातांवर बोलताना मात्र ऐकणारा कामाच्या शब्दाची वाट बघत बसतो आणि हात पुढे निघून जातात. उपाय म्हणजे वाक्य तोडणं, आणि जमेल तिथे क्रियापद सोडूनच देणं. क्रियापदाचं काम चित्र करतंय ना! ते वाक्य मग असं झालं:

दुसऱ्या सेकंदाला: ‘शेंडा असा उडवायचा.’ सात ठोके, दीड सेकंद. चौथ्या सेकंदाला: ‘आता खोडाच्या मधोमध उभी चीर.’ अकरा ठोके, सव्वादोन सेकंद, आणि ‘चीर’ हा शब्द सहाव्या सेकंदाला पडतो, पातं निम्मं आत असताना. मग अर्धा सेकंद गप्प. मग: ‘तीन-चार सेंटीमीटर, जास्त नाही.’ दहा ठोके, दोन सेकंद. एकूण अठ्ठावीस ठोके. तृतीयांश शब्द गेले, पण माहिती एका शब्दाचीही कमी झाली नाही. ‘राहिलेल्या’, ‘साधारण’, ‘बरोबर’ हे शब्द तोंडाला सवयीचे असतात, डोळ्यांसमोर खोड असताना त्यांची गरज नसते.

शब्द क्रियेच्या आधी पडावा की नंतर, याबद्दल माझं मत सांगतो. वस्तूचं नाव थोडं आधी आलं तर चालतं, ते बघणाऱ्याची नजर तिथे नेतं. ‘ही कलमकाडी’ म्हटलं आणि मग हात काडीकडे गेला, छान. क्रियेचा शब्द मात्र क्रिया सुरू झाल्यावरच यावा, पाव ते अर्धा सेकंद उशिरा. आधी आला की हात आवाजाचं ऐकून काम करताहेत असं वाटतं आणि काका कळसूत्री बाहुलीसारखे दिसू लागतात.

रेकॉर्डिंग घरातच केलं. कपड्यांचं लाकडी कपाट उघडून त्याच्या दारांवर दोन गोधड्या टाकल्या आणि काकांना त्या पुढ्यात बसवलं. पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद, आणि फ्रीज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्ये. फोन वीतभर अंतरावर, पण तोंडासमोर न धरता थोडा बाजूला. समोर धरला की ‘फ’, ‘भ’, ‘प’ यांचा श्वास थेट माइकवर आदळतो आणि ‘फांदी’ म्हटलं की धप्प असा आवाज येतो. कलमाच्या व्हिडिओत फांदी, पाचर, पट्टी, पान या शब्दांना तोटा नाही.

काकांच्या हातात कागद दिला आणि त्यांचा आवाजच बदलला. शाळेत उभं राहून धडा वाचल्यासारखं सुरू झालं. तीन-चार वेळा सांगून पाहिलं, ‘काका, बोला तसं बोला,’ तर ते म्हणाले, ‘अरे, वाचायला देतोस आणि बोला म्हणतोस.’ बरोबर होतं त्यांचं. मग कागद मी घेतला, त्यांच्या हातात एक आंब्याची काडी आणि चाकू दिला, समोर व्हिडिओ लावला. एकेका खुंटीचं वाक्य मी आधी सांगायचं, मग तेवढा तुकडा चालू करायचा, काका बघत बघत, काडी हातात फिरवत ते बोलायचे. वाक्यं थोडी बदलली, ‘चीर’ची एका ठिकाणी ‘फट’ झाली, पण लय परत आली. चाकू मात्र मिटलेला द्या. काका बोलण्याच्या ओघात काडी तासायला लागले आणि दोन टेक त्या करकरीमुळे गेले.

प्रत्येक वाक्य तीन वेळा घेतलं आणि सगळं एकाच बैठकीत संपवलं. सकाळी उठल्यावरचा आवाज आणि दुपारी जेवणानंतरचा आवाज एका व्हिडिओत शेजारी शेजारी आले की कान लगेच पकडतो. शेवटी काकांना गप्प बसवून अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ती भरायची असते. तिथे पूर्ण मुकी पोकळी ठेवली तर प्रत्येक वाक्याबरोबर आवाज चालू-बंद होतोय असं वाटतं.

बसवताना तरीही काही तुकडे लांब निघतातच. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी वाक्यातल्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा कमी करा. तेवढ्यानं भागलं नाही तर एखादा शब्द काढा. अगदी शेवटी आवाज दाबा, आणि त्यासाठी `Audacity` मधलं `Change Tempo` वापरा, कारण ते सूर न बदलता वेग बदलतं. नुसता वेग वाढवला तर सूरही चढतो. चार पूर्णांक दोन सेकंदांचा तुकडा चार सेकंदांत बसवायचा म्हणजे वेग पाच टक्के वाढवणं, तेवढं कळत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की स्वरांच्या शेपट्या तुटक येतात आणि काका घाईत आहेत असं वाटतं. उलट तुकडा आखूड पडला तर ताणू नका. गप्प बसा. हात चालू असताना दोन सेकंदांची शांतता कुणालाही खटकत नाही.

आता ओठांचा भाग. अठराच सेकंदं, पण बाकी साडेतीन मिनिटांइतका वेळ त्यांनीच खाल्ला. काका म्हणतात, ‘नमस्कार मंडळी. आज आपण कोय कलम कसं बांधायचं ते बघणार आहोत.’ हे चार-पाच सेकंदांच्या तुकड्यांत तोडायचं. प्रत्येक तुकड्याच्या आधी एकेका सेकंदानं तीन बीप लावायचे आणि जिथे चौथा वाजला असता तिथे बोलायला सुरुवात करायची. डबिंगच्या स्टुडिओत हीच रीत असते. काकांच्या एका कानात हेडफोन, त्यात गाइड ट्रॅक, दुसरा कान मोकळा. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐकायचं, तिसऱ्यांदा बरोबर बोलायचं. दोन-चार फेऱ्यांत माणूस आपल्याच जुन्या लयीत शिरतो.

मग संगणकावर जुळवताना नजर कुठे ठेवायची? शाळेत शिकलेलं व्याकरण इथे कामाला येतं. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, म्हणजे ते उच्चारताना ओठ मिटतातच. बाकीच्या वर्णांना तोंडाचा आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, पण उघड्या ओठांतून ‘म’ ऐकू आला की फसवणूक उघडी पडते. ‘नमस्कार मंडळी’मध्ये असे दोन ‘म’. पुढच्या वाक्यात ‘आपण’मधला प, ‘कलम’मधला म, ‘बांधायचं’ आणि ‘बघणार’ यांतले ब. एवढ्या सहा जागा. चित्र एकेक चौकट पुढे नेत ओठ जिथे मिटतात ती चौकट शोधायची आणि नव्या आवाजातला तो वर्ण तिथे आणायचा. दोन ओष्ठ्य वर्णांच्या मधला भाग आपोआप जागेवर पडतो. पडला नाही तर शब्दांमध्ये कापून एखादा शब्द चौकट-दोन चौकटी सरकवायचा. काप शब्दाच्या मधे नको, आणि कापलेल्या कडा एकमेकींत किंचित विरघळवा, नाहीतर टिक असा आवाज येतो.

किती चूक चालते? सेकंदाला तीस चौकटी, म्हणजे एक चौकट तेहतीस मिलिसेकंदांची. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटलंय की आवाज चित्राच्या पंचेचाळीस मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळू लागतं, पण मागे पडला तर सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. म्हणजे पुढे जेमतेम एक चौकट, मागे तीन. हा फरक चमत्कारिक वाटतो, पण आपण आयुष्यभर आवाज उशिरा येताना ऐकत आलोय. पलीकडच्या आगरात कुणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, आवाज मग येतो. चौतीस मीटरवर तो एक दशांश सेकंद मागे असतो. आवाज आधी आणि घाव नंतर, असं मात्र जगात कधीच होत नाही. म्हणून शंका असेल तर आवाज एक चौकट मागे ठेवावा, पुढे कधीच नको.

ओठ जुळले, तरी काहीतरी खटकत होतं. चित्रात काका तीन मीटरवर उभे आणि आवाज मात्र कानात कुजबुजल्यासारखा जवळचा. माइक अगदी जवळ असला की आवाजाला जागेचा घुमारा लागत नाही, खर्ज जास्त वाटतो. हातांच्या भागात ते चालतं, तिथे निवेदक चित्राबाहेरचाच मानला जातो. चेहऱ्याच्या भागासाठी खालचा खर्ज थोडा कमी केला, आणि काकांकडून ती अठरा सेकंदं फोन हातभर लांब ठेवून पुन्हा बोलून घेतली. दुसरा उपाय जास्त लागू पडला.

सगळं एकत्र करून एक `navin.wav` तयार झाली. ती चित्राला जोडताना चित्र पुन्हा दाबून खराब करायचं कारण नाही. जुनं चित्र तसंच उचलायचं, आवाज तेवढा बदलायचा:

```
ffmpeg -i kalam30.mp4 -i navin.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k kalam_final.mp4
```

काकांना दाखवलं. शेवटपर्यंत बघून ते म्हणाले, ‘आवाज माझाच आहे. पण पाऊस कुठे गेला रे?’

चित्रात शेडनेटमधून थेंब पडताहेत, काकांच्या मनगटावरून पाणी ओघळतंय, आणि ऐकायला कपाटातली शांतता. चाकू चालतो त्याचाही आवाज नाही, पट्टी ताणली जाते तिचाही नाही. ज्या पावसानं आवाज बिघडवला तोच आता परत आणायचा होता, फक्त मापात. जुन्या चित्रणाच्या शेवटी काका हात धुवायला गेले तेव्हा बारा सेकंदं नुसता पाऊस नोंदला गेला होता. तो पुन्हा पुन्हा जोडून पाहिला, पण त्यात एक मोठा थेंब टप्पकन पडतो आणि दर बारा सेकंदांनी तोच थेंब पडू लागला. शिवाय तो पत्र्यावरचा पाऊस, चित्रात शेडनेट. म्हणून पुढच्या सरीला शेडनेटखाली जाऊन फोन छत्रीखाली धरून चार मिनिटं सलग पाऊस घेतला. काकांनी एक आंब्याची काडी माइकजवळ तासून दिली, एक पट्टी करकरून बांधून दिली, आणि ते आवाज त्या त्या खुंटीवर बसवले. पाऊस निवेदनाच्या वीस-बावीस डेसिबल खाली ठेवला. चेहऱ्याच्या अठरा सेकंदांत तो थोडा वर, हातांच्या भागात थोडा खाली. माझ्या सांध्यांवर, जिथे दोन टेक जोडले होते, त्यानं फुकट पांघरूण घातलं ते वेगळंच.

दुसऱ्या वेळी काकांनी पुन्हा सगळा व्हिडिओ पाहिला. आवाजाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तीन मिनिटं बारा सेकंदांवर थांबवायला सांगितलं, चष्मा वर केला, आणि म्हणाले, ‘इथे पट्टी वरून खाली आलीय. खालून वर गुंडाळायला हवी होती, पाणी आत जातं.’